दोन मिनिटं चर्चा, एक मिनिट निर्णय

केंब्रिजच्या ‘बी-टू फर्स्ट’ या इंग्रजी परीक्षेची तोंडी फेरी एकट्याने देता येत नाही. खोलीत दोन उमेदवार शेजारी शेजारी बसतात आणि समोर दोन परीक्षक असतात. त्यांच्यातला एक प्रश्न विचारतो. दुसरा थोडा बाजूला बसून फक्त ऐकतो आणि गुण देतो. आपल्याकडे जास्त ओळखीच्या असलेल्या आयईएल्ट्समध्ये एका परीक्षकासमोर एकच उमेदवार असतो. त्या सवयीने आलेल्या मुलाला इथे शेजारची खुर्ची आधी अडचणीची वाटते. आपला जोडीदार आपल्याहून सरस निघाला तर काय, आणि कच्चा निघाला तर काय, ही भीती त्याच्या मनात असते.

चौदा मिनिटांच्या या फेरीचे चार भाग असतात आणि जोडीचं खरं काम तिसऱ्या भागात येतं. परीक्षक एक कागद समोर ठेवतात. कागदाच्या मधोमध एक प्रश्न असतो आणि त्याच्याभोवती पाच मुद्दे. वाचायला पंधरा सेकंद मिळतात. त्यानंतर दोन मिनिटं दोघांनी आपापसांत बोलायचं, परीक्षकांशी नाही. मग परीक्षक दुसरा प्रश्न विचारतात: यातला कोणता एक पर्याय निवडाल? त्यासाठी आणखी एक मिनिट मिळतं.

हा दुसरा प्रश्न कागदावर छापलेला नसतो आणि बऱ्याच जोड्या नेमक्या इथेच फसतात. पहिल्याच अर्ध्या मिनिटात एक जण म्हणतो, “मला तिसरा पर्याय सर्वांत चांगला वाटतो,” दुसरा मान डोलावतो आणि विषय संपतो. उरलेलं दीड मिनिट दोघं कागदाकडे बघत बसतात. पहिली दोन मिनिटं निवडीसाठी नसून पर्याय उलटसुलट तपासण्यासाठी असतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. पाचही मुद्दे उरकले पाहिजेत असाही नियम नाही. तीन मुद्दे नीट बोलून झाले तरी पुरेसं असतं.

व्याकरण आणि शब्दसंपत्ती, बोलण्याची जुळणी, उच्चार यांच्यासोबत ‘परस्परसंवाद’ या निकषाला वेगळे गुण असतात. त्याच्या वरच्या पायरीचं वर्णन असं, की उमेदवार स्वतःहून सुरुवात करतो, योग्य प्रतिसाद देतो, आपलं बोलणं दुसऱ्याच्या बोलण्याला जोडतो आणि दोघांना निष्कर्षाकडे नेतो. यातली जोडण्याची गोष्ट फार महत्त्वाची आहे. मतभेद दाखवणं आणि जोडीदाराला बोलतं करणं ही शिष्टाचाराची दोन वेगळी कलमं म्हणून पाठ केली जातात. प्रत्यक्षात दोन्ही याच जोडण्याच्या तऱ्हा आहेत आणि दोन्हींसाठी आधी समोरच्याचं ऐकावं लागतं.

एक नमुना घेऊ. समजा कागदावर प्रश्न आहे, ‘छोट्या शहरातल्या वाचनालयात तरुण मंडळी जास्त यावीत म्हणून काय करता येईल?’ भोवतीचे पाच मुद्दे असे: रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवणं, मोफत वायफाय, लेखकांच्या भेटी, छोटं उपाहारगृह, चित्रपटांचे खेळ. उमेदवार आहेत रोहिणी आणि समीर. परीक्षेत दोघं इंग्रजीत बोलतील, इथे त्यांचं बोलणं मराठीत ऐकू.

समीर म्हणतो, “उपाहारगृह चांगली कल्पना आहे. मुलांना बसायला जागा मिळेल.” रोहिणी म्हणते, “मला लेखकांच्या भेटी आवडतील. लोकांना लेखक बघायला आवडतं.” मग समीर वायफायकडे वळतो आणि रोहिणी चित्रपटांकडे. वाक्यं शुद्ध आहेत, वेळही नीट वाटला गेला आहे. तरी समीरची वाक्यं काढून टाकली तर रोहिणीचं बोलणं जसंच्या तसं उरतं. एव्हेलिना गालाची यांनी २००८ साली याच परीक्षेतल्या जोड्यांच्या संवादांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी अशा बोलण्याला ‘समांतर’ म्हटलं होतं. परस्परसंवादाचे सर्वांत कमी गुण अशाच जोड्यांच्या वाट्याला आलेले दिसले. एकमेकांचे मुद्दे उचलून पुढे नेणाऱ्या जोड्या सर्वांत वर होत्या.

आता तीच जोडी पुन्हा पाहू. समीर उपाहारगृहाबद्दल बोलतो. रोहिणी म्हणते, “हो, बसायला जागा हवीच. पण गप्पा सुरू झाल्या की वाचणाऱ्यांना त्रास होईल, नाही का? उपाहारगृह बाहेरच्या बाजूला असेल तर?” तिने समीरच्या म्हणण्यातला एक भाग मान्य केला, हरकतीचं कारण सांगितलं आणि वाट प्रश्नाने मोकळी ठेवली. समीरला आता पुढच्या मुद्द्यावर उडी मारता येत नाही, त्याला उत्तर द्यावंच लागतं. “बाहेर ठेवलं तर ते फक्त उपाहारगृहच होईल, मुलं आत येणारच नाहीत,” असं तो म्हणाला, की चर्चा खऱ्या अर्थाने सुरू झाली.

असहमती अशी हळूच मांडण्याची रीत परीक्षेने शोधलेली नाही. रोजच्या संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांवर काम करणाऱ्या अनिता पोमेरान्त्झ यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं, की सहमती सहसा चटकन आणि थेट येते. असहमती मात्र क्षणभर थांबून, ‘वेल’सारखा शब्द पुढे करून किंवा आधी थोडं मान्य करून येते. म्हणून ‘आय डिसअॅग्री विथ यू’ हे व्याकरणाने निर्दोष वाक्य कानाला खटकतं. त्याच्या उलट टोकाला पाठ केलेला नम्रपणा असतो. ‘आय सी युअर पॉइंट, बट’ म्हणून लगेच तिसराच विषय काढला, तर समोरच्याचा मुद्दा दिसलेलाच नाही हे ऐकणाऱ्याला कळतं. कोणता मुद्दा पटला हे त्याच वाक्यात सांगितलं, तरच त्या शब्दांना अर्थ येतो.

बोलतं करण्याचंही तसंच आहे. स्वतःचं चाळीस सेकंदांचं भाषण संपवून शेवटी ‘व्हॉट डू यू थिंक?’ चिकटवलं, तर समोरचा गोंधळतो. कशाबद्दल बोलायचं, हेच त्याला कळत नाही. मितभाषी जोडीदारासाठी प्रश्न नेमका हवा. “तू मघाशी खर्चाचं म्हणालास. मग वायफाय स्वस्त पडेल का?” या प्रश्नात समोरच्याला धरायला काहीतरी आहे आणि त्याचं आधीचं वाक्य ऐकलं गेल्याची खूणही आहे. जोडीदार बोलायचं थांबतच नसेल, तर तो श्वास घेईल तेव्हा त्याचाच एखादा शब्द उचलून आत शिरता येतं. “चित्रपटांचं म्हणालास ना, त्यावरून आठवलं,” एवढं पुरतं.

जोडीदार कसाही निघाला तरी गुण दोघांना स्वतंत्रपणे मिळतात. दोघांची आपसात तुलना होत नाही. तरीही ही पद्धत पूर्ण समन्यायी आहे असं म्हणणं जड जातं. दोनच मिनिटांत एखाद्या अबोल अनोळखी माणसाला बोलतं करणं सर्वांनाच जमत नाही, आणि जे जमलं नाही ते कुणामुळे, हे परीक्षकांना तेवढ्यात ठरवावं लागतं.

शेवटच्या मिनिटात एकमत व्हायलाच हवं अशी अट नाही. रोहिणी लेखकांच्या भेटींवर ठाम राहिली आणि समीर उपाहारगृहावर, तरी गुण कापले जात नाहीत. आपलं का पटलं नाही हे दोघांनी एकमेकांना सांगितलेलं असलं म्हणजे झालं. वेळ संपली की परीक्षक वाक्याच्या मध्येही थांबवतात, त्याचाही तोटा होत नाही.

उमेदवारांची संख्या विषम असेल तर शेवटी तिघांचा गट बसतो आणि फेरी वीस मिनिटांची होते. चर्चेला दोनऐवजी तीन मिनिटं मिळतात, निर्णयाला मात्र एकच. दोघांची पटकन गट्टी जमली की तिसरा बाहेर पडतो. त्याच्याकडे वळून, त्याचा आधीचा मुद्दा सांगून त्याला आत घ्यायचं काम मग त्या दोघांपैकी एकाला करावं लागतं.