ओढणीचे टोक आणि गळ्यातला वेढा

दुचाकीवर ओढणी अडकते ती लोंबणाऱ्या टोकामुळे, पण इजा किती होणार हे गळ्यातला वेढा ठरवतो. टोक नजरेला पडते आणि वेढ्याकडे कोणी बघत नाही, म्हणून या दोन गोष्टींचा विचार वेगवेगळा करावा लागतो. ओढणीचा मधला भाग गळ्यासमोर आणि दोन्ही टोके खांद्यांवरून पाठीवर, ही पंजाबी ड्रेसवरची सर्वांत रुळलेली पद्धत. दुचाकीवर तीच सर्वांत धोक्याची ठरते, कारण टोक मागून ओढले गेले की सारा ताण सरळ कंठावर येतो. तीच ओढणी एका खांद्यावर नुसती टाकलेली असेल तर झटक्यासरशी निसटून जाते. कापडाचे नुकसान होते, कदाचित तोलही जातो, पण गळा आवळला जात नाही.

टोक चाकापर्यंत पोहोचते का, हे मोजून पाहता येते. नेहमीची ओढणी साधारण अडीच मीटर लांब असते. गळ्यासमोरच्या झोळात त्यातली सुमारे 70 सेंटिमीटर जाते आणि उरलेल्याचे दोन भाग पाठीवर प्रत्येकी 90 सेंटिमीटर लोंबतात. स्कूटरची सीट जमिनीपासून पाऊण मीटरच्या आसपास उंच असते आणि तिच्यावर बसलेल्या मध्यम उंचीच्या बाईचा खांदा जमिनीपासून साधारण 130 सेंटिमीटरवर येतो. म्हणजे ओढणीचे टोक जमिनीपासून 40 सेंटिमीटरवर, आणि दहा इंची रिम असलेल्या स्कूटरच्या मागच्या टायरचा वरचा काठ 43 सेंटिमीटरवर. टोक टायरला गाठते. मोटारसायकलचे चाक मोठे असते. त्याचा काठ 60 सेंटिमीटरच्या आसपास असल्यामुळे तिथे टोकाला आणखी वाव मिळतो.

गाडी वेगात असताना ओढणी मागे उडत राहते आणि चाकापासून लांब आहे असे वाटते. पण सिग्नलजवळ वेग उतरला, खड्ड्यासाठी ब्रेक लागला की ती खाली पडते, आणि गाडी पुन्हा निघते तेव्हा टोक चाकाशी असते. सीटच्या मागच्या कडेवरून किंवा बाजूने घसरलेले टोक मडगार्ड आणि टायर यांच्या फटीत शिरते, नाहीतर आरे, अ‍ॅक्सल किंवा चेनमध्ये गुंततेे. ताशी 40 किलोमीटरला स्कूटरचे ते छोटे चाक सेकंदाला आठ फेरे घेते. कापड अ‍ॅक्सलजवळच्या दहा सेंटिमीटर जाडीच्या भागावर गुंडाळले जाऊ लागले तरी सेकंदात अडीच मीटर, म्हणजे जवळजवळ पूर्ण ओढणी आत जाते. चालवणाऱ्याच्या लक्षात येऊन ब्रेक दाबेपर्यंतच सेकंदभर जातो आणि तेवढ्यात गाडी अकरा मीटर पुढे गेलेली असते. हाताने सोडवण्याचा इथे प्रश्नच उद्भवत नाही. जे करायचे ते बसण्यापूर्वी.

वैद्यकीय लेखनात या प्रकारच्या इजेला ‘लाँग स्कार्फ सिंड्रोम’ असे नाव आहे. नर्तकी इझाडोरा डंकन 14 सप्टेंबर 1927 रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात मोटारीच्या चाकात लांब स्कार्फ अडकून मरण पावली. त्या घटनेची आठवण या नावामागे आहे. भारत आणि पाकिस्तानातल्या रुग्णालयांना हे रुग्ण ओढणीमुळे परिचयाचे आहेत. त्यात श्वासनलिका व स्वरयंत्राला मार, मानेच्या मणक्याला इजा आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचे आतले अस्तर फाटणे हे प्रकार दिसतात. रिक्षात कडेला बसून ओढणी बाहेर लोंबू दिली तरी हेच होऊ शकते, कारण रिक्षाचे मागचे चाक सीटच्या अगदी लगत असते.

गाडीवर बसताना ओढणी काढून डिकीत किंवा पर्समध्ये ठेवणे हा सगळ्यांत सोपा उपाय. ती अंगावर हवीच असेल तर गळ्याऐवजी छातीवरून आडवी घ्यावी. मधला भाग डाव्या खांद्यावर ठेवून एक टोक पुढून आणि दुसरे पाठीवरून उजव्या कमरेशी आणायचे, तिथे गाठ मारायची आणि गाठीखाली उरलेली वीतभर टोके सलवारीच्या नाड्यात खोचायची. शेतात किंवा बांधकामावर काम करणाऱ्या बायका ओढणी अशीच आवळतात. गाठ बाजूला, कमरेवर असावी. पाठीमागे गाठ मारली तर तिची टोके परत सीटमागे लोंबतात. एवढे झाल्यावर बसून कमरेमागे एकदा हात फिरवावा. हाताला सुटे कापड लागले तर काम अपुरे आहे.

पिनेवर मात्र फार भरवसा ठेवू नये. दोन्ही खांद्यांवर सेफ्टी पिना लावून ओढणी ‘पक्की’ केली की ती घसरत नाही हे खरे, पण अडकल्यावर जी सहज निसटायला हवी तीच मग निसटत नाही. पिन ही ऑफिसात किंवा समारंभात ओढणी नीट दिसावी यासाठी आहे, चाकापासून वाचण्यासाठी नाही.

पुण्यासारख्या शहरात ऊन आणि धुळीसाठी तोंडावर स्टोल गुंडाळण्याची पद्धत आहे. त्यात गळ्याभोवती दोन वेढे आणि मानेमागे गाठ, असा पूर्ण फास तयार असतो. फक्त टोके आखूड असल्यामुळे तो सहसा अडकत नाही. ती टोके कॉलरच्या किंवा जॅकेटच्या आत गेली पाहिजेत. त्यावर हेल्मेट घालताना जाड कापडाच्या घड्यांमुळे हेल्मेट डोक्यावर डुगडुगते आणि पट्टा हनुवटीखाली नीट बसत नाही, म्हणून हेल्मेटखाली पातळ सुती कापडाचा एकच थर ठेवावा.

साडीत गळ्याला वेढा नसतो, पण खालचा घेर चाकाजवळ असतो. मागे एका बाजूला पाय सोडून बसणारी बाई आपल्याकडे डाव्या बाजूला बसते आणि बऱ्याच मोटारसायकलींची चेनही त्याच बाजूला असते. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 123 वा नियम यासाठीच आहे. मागे बसणाऱ्याला धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि कपडे गुंतू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण, या तीन गोष्टी तो सक्तीच्या करतो. ‘साडी गार्ड’ म्हणतात ते हेच. गाडी ‘स्पोर्टी’ दिसावी म्हणून ते काढून टाकणारे तरुण काही कमी नाहीत, आणि त्याच गाडीवर मागे बसायची वेळ बहुतेकदा घरातल्या आईवर किंवा मावशीवर येते. स्कूटरच्या डाव्या बाजूला इंजिन-गिअरचा भाग चाकाला बराचसा झाकतो. उजवीकडे सायलेन्सर असतो आणि जॉर्जेट-शिफॉनसारखे कृत्रिम धाग्याचे कापड त्याला टेकले की वितळून चिकटते.

साडी नेसून मागे बसताना पदर पुढे घेऊन उजव्या कमरेला खोचावा. बसल्यावर निऱ्या आणि घेर दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये गोळा करून मांडीखाली दाबावा आणि काठ घोट्याच्या वर राहील असे बघावे. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसता येत असेल तर ते अधिक चांगले, पण पाचवारीत ते अवघड जाते. नऊवारीला कासोटा असल्यामुळे खाली लोंबणारे काही उरत नाही, तेव्हा पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या बायकांना फक्त पदराचीच काळजी घ्यावी लागते.

एवढे करूनही कापड अडकले तर मानेला किंवा कमरेला झटका बसतो आणि चालवणाऱ्याला गाडी मागून कोणी धरल्यासारखी जड लागते. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर सोडून दोन्ही ब्रेक सारखे दाबावेत. गाडी थांबल्यावर लगेच इंजिन बंद करावे. कापड ओढू नये आणि गाडी पुढे ढकलू नये, कारण पुढे सरकली की वेढा आणखी आवळतो. गळ्याजवळचे कापड कात्रीने किंवा ब्लेडने कापणे सर्वांत जलद. कापायला काही नसेल तर चाक हळूहळू उलटे फिरवून पीळ सोडवावा. मानेला जोराचा हिसका बसला असेल तर वर नुसता लाल वळ दिसत असला तरी तपासणी टाळू नये. आवाज घोगरा होणे, गिळताना दुखणे, थुंकीत रक्त येणे, मानेची त्वचा दाबल्यावर करकरणे, हातापायात बधिरपणा किंवा एका बाजूची शक्ती जाणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी मान न हलवता 108 ला फोन करावा. रक्तवाहिनीच्या इजेची लक्षणे काही तासांनीही उमटू शकतात.

लोकलच्या गर्दीत चाकाचा धोका नाही. तिथे ओढणी पकडतात त्या शेजारणीच्या बॅगेची चेन, दारातला खांब आणि उतरणाऱ्यांचा रेटा. घसरणे हा तिथला मोठा त्रास, म्हणून डाव्या खांद्यावर एकच छोटी पिन चालते. दुसरे टोक मोकळे न सोडता पुढे घेऊन बॅगेच्या पट्ट्याखाली दाबावे आणि बॅग पोटावर घ्यावी. रोज जाणाऱ्या अनेकजणी डब्यात शिरण्यापूर्वीच ओढणी बॅगेत कोंबतात, ते या सगळ्याहून बरे. साडीचा काठ मात्र दुसरीच्या चपलेखाली येतो आणि तोंडघशी पडायची वेळ नेमकी उतरताना येते. म्हणून प्रवासाला साडी नेहमीपेक्षा दोन-तीन इंच वर नेसावी आणि फलाटावर पाय टाकताना निऱ्या एका हाताने उचलून धराव्यात.

आपोआप बंद होणाऱ्या दारांच्या एसी लोकल आणि मेट्रोत वेगळीच खबरदारी लागते. दारात हात किंवा बॅग आली तर दार परत उघडते, पण पातळ कापड दोन रबरी कडांमध्ये दबले तर ते त्या यंत्रणेला जाणवेलच असे नाही. डिसेंबर 2023 मध्ये दिल्ली मेट्रोच्या इंद्रलोक स्थानकावर एका महिलेचे कपडे दारात अडकले, ती गाडीबरोबर फरफटत गेली आणि पुढे तिचा मृत्यू झाला. दार बंद होण्याची सूचना वाजू लागली की चढू-उतरू नये. आत गेल्यावर पदर किंवा ओढणी पुढे ओढून घ्यावी आणि दाराला पाठ लावून उभे राहू नये. टोक दारात सापडले आणि बाई फलाटावर असेल, तर कापड सोडवत बसण्याऐवजी ते अंगावरून लगेच काढून टाकावे आणि आरडाओरडा करून गाडी थांबवायला लावावी.