शॉट क्रमांक ४२ का लांबला?

ॲम्स्टरडॅमच्या ब्लेंडर फाउंडेशनने २००६ साली ‘एलिफंट्स ड्रीम’ हा सुमारे ११ मिनिटांचा ॲनिमेशनपट पूर्ण केला. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर एवढं काम होतं, हे पाहून लोक चकित झाले. पण गोष्ट काय होती, ते अनेकांना कळलंच नाही. २००८ मध्ये त्याच संस्थेचा ‘बिग बक बनी’ आला. गुबगुबीत ससा, त्याला छळणारे तीन उपद्रवी प्राणी आणि सशाने घेतलेला सूड, अशी लहान मुलालाही समजणारी गोष्ट. छोटा चमू एकत्र बसवायचा आणि चित्रपटाच्या सगळ्या फाइली लोकांना खुल्या करायच्या, ही पद्धत मात्र तशीच ठेवलेली. काय राखायचं आणि काय बदलायचं, हे दोन चित्रपट शेजारी ठेवले की स्पष्ट दिसतं.

लघुपट संपल्यावर असा हिशेब मांडायला चमू एकत्र बसतो, त्या बैठकीला या धंद्यात पोस्टमॉर्टेम म्हणतात. पिक्सारचे एड कॅटमल यांनी २००८ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधल्या लेखात तिच्याबद्दल लिहिलं आहे. लोकांना अशा बैठका आवडत नाहीत, हे ते मान्य करतात. त्यावर त्यांचे दोन उपाय आहेत. पुन्हा करू अशा पाच गोष्टी आणि पुन्हा करणार नाही अशा पाच गोष्टी प्रत्येक गटाने लिहायच्या, म्हणजे बैठकीचा सूर नुसता तक्रारीचा राहत नाही. दुसरा उपाय म्हणजे आकडे समोर ठेवायचे: काम किती वेळा पुन्हा करावं लागलं, आणि एका विभागाकडून दुसऱ्याकडे गेलं तेव्हा ते खरोखर पूर्ण होतं का. मला हा दुसरा उपाय अधिक मोलाचा वाटतो. थकलेल्या माणसांना शेवटचे दोन आठवडे आठवतात. चूक बहुधा त्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

नमुना म्हणून एक लघुपट कल्पू. चार-पाच जणांचा चमू, सहा मिनिटांची थ्रीडी फिल्म, ७२ शॉट. नऊवारी नेसलेली आजी, तिची शेळी आणि आटलेली विहीर. फिल्म पूर्ण झाली, पण ठरल्यापेक्षा बरीच उशिरा.

बैठक फिल्म दिल्याच्या दुसऱ्या दिवशी नको, कारण तेव्हा माणसं एक तर चिडलेली असतात किंवा हर्षात असतात. फार लांबवूनही चालत नाही. फ्रीलान्सवर आलेला रिगर पुढच्या कामाला लागला की पुन्हा सापडत नाही. दहा-पंधरा दिवसांनी बसावं आणि त्याआधी एकाने तक्ता तयार करावा. प्रत्येक शॉटला किती दिवस धरले होते, किती लागले, तो पुढच्या टप्प्यावरून किती वेळा परत आला आणि कशासाठी, एवढे रकाने पुरतात. काम चालू असताना नोंदी ठेवल्या नसतील तर फाइलींचीच साक्ष काढावी लागते. `sh042_anim_v07.blend` या नावातून शॉट, टप्पा आणि आवृत्ती कळते, आणि फाइलची तारीख बाकीचं सांगते. शॉट परत का आला, हे मात्र फाइल सांगत नाही. त्यासाठी जुने मेसेज चाळावे लागतात.

इथे एक सावधगिरी हवी. आवृत्त्या जास्त झाल्या म्हणजे काम बिघडलंच, असं नाही. रिकाम्या विहिरीत डोकावणाऱ्या आजीचा चेहरा ॲनिमेटरने १४ वेळा केला असेल आणि फिल्मचा जीव त्याच शॉटमध्ये असेल. मोजायचं ते वेगळंच: पूर्ण म्हणून पुढे गेलेलं काम किती वेळा मागे आलं.

तक्ता वाढीव दिवसांच्या क्रमाने लावला की चित्र दिसू लागतं. आपल्या नमुन्यात निम्म्याहून अधिक उशीर आठच शॉटमध्ये साठलेला आहे आणि आठही शॉटमध्ये आजी चालते किंवा वाकते. शॉट क्रमांक ४२ ला ९ दिवस धरले होते, लागले १७. बैठकीत सगळे एकमुखाने म्हणतील की नऊवारीने घात केला. ते खोटं नाही. थ्रीडीतलं कापड संगणकाकडून हलवून घ्यावं लागतं. आजीची चाल जरा बदलली की निऱ्यांची आणि पदराची सगळी गणना पुन्हा, त्यानंतर प्रकाशयोजना पाहायची आणि रेंडरही पुन्हा.

पण कारणांच्या रकान्यात काय लिहिलंय? ‘साडी बिघडली’ असं क्वचितच. बहुतेक ठिकाणी ‘शॉटची लांबी बदलली’. म्हणजे प्रश्न असा की चाल पुनःपुन्हा का बदलली? ॲनिमॅटिक, म्हणजे स्थिरचित्रांतून बांधलेला फिल्मचा कच्चा आराखडा, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या आवाजावर कापला होता. खरी अभिनेत्री ध्वनिमुद्रणाला आली तेव्हा ॲनिमेशन बरंचसं झालेलं होतं. तिची आजी सावकाश बोलते, मध्ये श्वास घेते. प्रत्येक वाक्य सेकंद-दीड सेकंदाने लांबलं, शॉट लांबले, पावलं बदलली आणि भार जाऊन पडला साडीवर. कापड सांभाळणाऱ्या मुलीला सगळे सहा महिने दोष देत होते. उशिराचं मूळ ध्वनिमुद्रणाच्या तारखेत होतं.

म्हणून या बैठकीत आधी सगळ्यांनी गप्प बसून लिहावं आणि मगच बोलावं. दिग्दर्शक पहिला बोलला की बाकीचे त्याच दिशेने जातात, आणि ती मुलगी तोंडही उघडत नाही. सूत्रसंचालन दिग्दर्शकाने न करता फिल्मवर काम न केलेल्या कुणी केलं तर उत्तम.

राखण्याच्या गोष्टी शोधणं त्याहून अवघड, कारण सुरळीत झालेलं काम कुणाच्या डोळ्यांत येत नाही. दर शुक्रवारी अख्खी फिल्म, जशी असेल तशी, छोट्या आकारात काढून सगळ्यांनी एकत्र पाहायची, असा या चमूचा रिवाज होता. शेळी एका शॉटमध्ये डावीकडे आणि पुढच्यात उजवीकडे उभी आहे, हे रेंडरच्या आधीच सापडलं ते त्यामुळे. हे लिहून ठेवलं नाही, तर पुढच्या वेळी घाईत पहिला बळी शुक्रवारचा जातो.

आणि नशिबाला पद्धत समजू नये. सहा मिनिटं म्हणजे सेकंदाला २४ प्रमाणे ८,६४० फ्रेम. एका फ्रेमला १० मिनिटं धरली तर एका संगणकाला रात्रंदिवस ६० दिवस लागतात. हे काम १० दिवसांत झालं, कारण दिवाळीच्या सुट्टीत एका ओळखीच्या लॅबचे सहा संगणक मोकळे होते. ‘रेंडर वेळेत झालं’ हे राखण्याच्या यादीत आलं तर पुढची फिल्म जूनमध्ये अडकेल. ते बदलाच्या यादीत हवं: रेंडरसाठी यंत्रं आणि पैसे सुरुवातीलाच धरायचे.

शेवटी कागदावर चार-पाचच निर्णय राहावेत. प्रत्येकापुढे माणसाचं नाव आणि तो निर्णय ज्या टप्प्यावर लागू होईल तो टप्पा. ‘संवाद सुधारायला हवा’ असं वाक्य कुणाच्याच कामाचं नसतं. ‘अंतिम आवाज हातात आल्याशिवाय आणि ॲनिमॅटिक त्यावर पुन्हा कापल्याशिवाय एकाही शॉटचं ॲनिमेशन सुरू करायचं नाही, जबाबदारी निर्मात्याची’ हे कामाचं. एका फिल्मवरून काढलेला नियम दुसरीला जसाच्या तसा लागू पडेल असं नाही. पुढची फिल्म संवादाविना असेल तर हा निर्णय बाजूला ठेवावा लागेल. पण तिच्यात संवाद असतील, तर अभिनेत्रीचं मानधन आणि स्टुडिओचं भाडं अंदाजपत्रकात आठव्या महिन्यातून उचलून दुसऱ्या महिन्यात मांडायचं, आणि तेवढे पैसे तेव्हा हातात असतील का, हे निर्मात्याने त्याच बैठकीत सांगायचं.