वजनकाट्याची पाळी : सोमवारचा माझा दिवस

मा. कार्यकारी संचालक साहेब,


वजनकाट्याच्या पाळ्या दोन तास पुढे न्याव्यात, या विनंतीसाठी हे पत्र. कारण कळावं म्हणून माझा सोमवार तासावार लिहितो. बुधवार आणि शुक्रवारही तसेच जातात.

पहाटे 5. उठल्यावर डाव्या मनगटाच्या वर बोटं ठेवतो. तिथे धमनीला शीर जोडून फिस्टुला केलाय. हाताला थरथर लागली म्हणजे तो चालू आहे. थरथर थांबली तर रक्त गोठलं असं समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. साडेपाचला केजच्या स्टँडवरून अंबाजोगाईची एसटी पकडतो.

6.45. डायलिसिस केंद्रावर आधी वजन होतं. काट्यावर भरलेल्या गाडीतून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की ऊस कळतो. माझंही तसंच आहे. अंगात जादा पाणी नसताना माझं वजन 56 किलो. या सोमवारी 58.4 भरलं. लघवी जवळजवळ होत नसल्यामुळे प्यायलेलं अंगातच साठतं. शुक्रवार ते सोमवार मधे दोन दिवस मोकळे, म्हणून सोमवारचा आकडा सगळ्यात मोठा.

7 ते 11. फिस्टुलात दोन सुया. एकीतून रक्त मशीनकडे जातं, दुसरीतून परत येतं. हे चार तास जरा सविस्तर लिहितो, कारण मागच्या हंगामात पर्यवेक्षक म्हणाले होते, "मशीनवरून तासभर आधी उठत जा की." त्यांचा हेतू चांगलाच होता. पण हिशेब असा आहे : साठलेलं 2.4 लिटर, शिवाय नळ्यांतलं रक्त परत ढकलायला लागणारं सलाइन आणि मधला चहा धरून 300 मिली. एकूण 2.7 लिटर चार तासांत काढायचं, म्हणजे तासाला 675 मिली. डॉक्टर किलोमागे तासाला 13 मिलीच्या पुढे जाऊ देत नाहीत. माझ्या वजनाला ती मर्यादा साधारण 730 येते. तीन तासांत उरकलं तर तासाला 900 मिली ओढावे लागतील. मग बीपी कोसळतं, पोटऱ्यांत गोळे येतात, हृदयावर ताण पडतो. कमी ओढलं तर पाणी अंगातच राहतं. घोटे सुजतात, रात्री आडवं पडलं की दम लागतो आणि उशाला भिंत करून बसावं लागतं. रक्तातलं पोटॅशियम तर काही दिसू न देता वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. म्हणून हा एक तास माझ्या हातात नाही, साहेब.

11 ते 1. सुया निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटं बोटाने दाबून बसायचं. रक्त गोठू नये म्हणून औषध दिलेलं असतं, घाई केली तर पुन्हा वाहतं. उभं राहून बीपी बघतात, मग एसटी. एकच्या सुमारास घर, भात आणि उकळून पाणी काढून टाकलेली भाजी.

आता पाळ्यांचं. 4 ते 12 ची पाळी थेट मशीनच्या वेळेवर येते. रात्री 8 ते 4 केली तर रात्रभर जागून सुईला हात द्यावा लागतो. 12 ते 8 ला पोहोचण्यासाठी सुया निघताच धावावं लागतं. मागच्या महिन्यात तसा गेलो आणि खिडकीशी उभा असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. बैलगाडीवाल्याने धरून बसवलं.

दुपारची मशीन मागून पाहिली, तिथे जागा नाही.

म्हणून विनंती अशी की काट्यापुरत्या पाळ्या 6 ते 2, 2 ते 10 आणि 10 ते 6 कराव्यात आणि मला कायम दुपारची द्यावी. काट्यावरच्या दोघाही सहकाऱ्यांशी बोललोय. पहाटे चारला सुटून गाडीची वाट बघण्यापेक्षा सहाला सुटणं त्यांनाही बरं. आपला गाळपाचा दिवस पहाटे चारला बंद होतो. तो अहवाल रात्रपाळीवाला मधेच काढून देईल, त्याची तयारी आहे. कोणाचे तास वाढत नाहीत, जादा काम धरावं लागत नाही.

हा माझा हक्क आहे असं म्हणत नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यांत किडनीचा आजार नाही. पैसेही मागत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार होतो. मला काम हवंय, आणि दुपारी दोन ते रात्री दहा मी ते पूर्ण करू शकतो.

डॉक्टरांचं प्रमाणपत्र, केंद्राचं वेळापत्रक आणि दोघा सहकाऱ्यांची लेखी संमती सोबत जोडली आहे. हा हंगाम संपेपर्यंत करून पाहावं. अडचण आली तर गाळप बंद झाल्यावर पुन्हा बसून ठरवू.

आपला विश्वासू,
लिपिक, वजनकाटा