आडव्या-उभ्या ओळींचे पत्र कसे वाचावे

एकोणिसाव्या शतकातील खाजगी इंग्रजी पत्रे चाळताना एखादा कागद असा हाती येतो की तो पत्र आहे की जाळी, तेच कळत नाही. पानभर आडव्या ओळी लिहिलेल्या असतात आणि त्याच ओळींवरून, कागद काटकोनात फिरवून, दुसऱ्या ओळी लिहिलेल्या असतात. इंग्रजीत याला ‘क्रॉस्ड लेटर’ म्हणतात. या पाठात आपण पहिल्या ओळींना ‘सरळ थर’ आणि त्यांवरून गेलेल्या ओळींना ‘उभा थर’ म्हणू. अशा पत्रात दोन प्रश्न सोडवायचे असतात. पहिला, कोणत्या ओळींनंतर कोणत्या ओळी वाचायच्या. दुसरा, अक्षरावरची कोणती रेघ कोणत्या थराची. बहुतेक विद्यार्थी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतात. पण आधी क्रम ठरवावा, हे या पाठाचे मुख्य सूत्र आहे.

1. असे का लिहीत असत?

ब्रिटनमध्ये 1840 पूर्वी टपालाचा दर अंतरावर आणि कागदाच्या संख्येवर ठरत असे. एका कागदाचे पत्र ‘एकेरी’, दोन कागदांचे ‘दुहेरी’. पाकीट वापरले तर तेही एक कागद म्हणून मोजले जाई. म्हणून एकच मोठा ताव मधोमध दुमडून त्याची चार पाने करीत, तीन पानांवर मजकूर लिहीत आणि चौथे पान पत्त्यासाठी बाहेरच्या बाजूला ठेवून लाखेने बंद करीत. मजकूर उरला तर नवा कागद न घेता पहिले पान फिरवून त्यावरच पुढे लिहीत.

हिंदुस्थानात कागदांची संख्या नव्हे, तर वजन महत्त्वाचे होते. 1854 च्या टपाल कायद्याने देशभर अंतराचा विचार न करता पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा दर ठरला. पाव तोळा म्हणजे सुमारे 2.9 ग्रॅम. आजच्या झेरॉक्सच्या एका ए-4 कागदाचे वजन सुमारे 5 ग्रॅम भरते. म्हणजे अर्ध्या आण्यात बसायचे तर कागद पातळ आणि मोजकाच हवा. वजनाच्या दरामुळे आडवे-उभे लिहिण्याची सवय येथेही उपयोगी पडली. मात्र पातळ कागदामुळे वाचणाऱ्याची एक अडचण वाढली. तिच्याकडे आपण चौथ्या भागात येऊ.

2. आधी क्रम: पानांची टोके पाहा

क्रम समजण्यासाठी एक सराव-पत्र घेऊ. हे पत्र या पाठासाठी तयार केले आहे आणि सोयीसाठी त्याचा मजकूर मराठीत ठेवला आहे. कल्पना अशी की, 1856 च्या डिसेंबरात एक अधिकारी थंडीतल्या दौऱ्यावर जबलपूरजवळ महाराजपूर येथे तंबू ठोकून राहिला आहे. सोबत कुटुंब आहे. तो आपल्या बहिणीला पत्र लिहितो. ताव दुमडून चार पाने केली आहेत. पान 1, 2 आणि 3 वर सरळ थर आहे, पान 4 वर फक्त पत्ता आहे आणि उभा थर फक्त पान 1 वर आहे.

आता सगळा मजकूर वाचण्याच्या भानगडीत न पडता प्रत्येक थराची पहिली आणि शेवटची ओळ तेवढी उतरवून घ्या. आपल्या पत्रात त्या अशा मिळतात:

पान 1, सरळ थर: सुरुवात “मुक्काम महाराजपूर. प्रिय ताई,” आणि शेवट “बाळाला तीन दिवसांपूर्वी आलेला ताप”.
पान 1, उभा थर: सुरुवात “उतरला आहे, आता काळजी नको” आणि शेवट “तुझा भाऊ”, त्याखाली सही.
पान 2, सरळ थर: सुरुवात “वाढतच आहे, रात्रभर झोप नाही” आणि शेवट “जबलपूरला माणूस”.
पान 3, सरळ थर: सुरुवात “पाठवला आहे” आणि शेवट “डॉक्टर आत्ताच पाहून गेले. ते म्हणाले, ताप”.

पान 1 हातात असताना त्याचा सरळ थर संपवून लगेच तेच पान फिरवून उभा थर वाचण्याचा मोह होतो. तसे केले तर वाक्य होते, “बाळाला तीन दिवसांपूर्वी आलेला ताप उतरला आहे, आता काळजी नको.” व्याकरण निर्दोष आहे आणि अर्थही लागतो. याच ठिकाणी फसगत होते. एका जोडावर अर्थ लागला एवढ्याने क्रम सिद्ध होत नाही.

आता उरलेली टोके तपासा. या क्रमात उभ्या थराच्या शेवटी सही येते आणि सहीनंतर अजून दोन भरलेली पाने शिल्लक राहतात. पान 2 ची सुरुवात “वाढतच आहे” अशी होते, पण काय वाढत आहे ते सांगणारा शब्द आधी नाही. पान 3 चा शेवट “ते म्हणाले, ताप” असा अधांतरी राहतो. एक जोड जुळला, पण तीन टोके मोकळी राहिली.

दुसरा क्रम लावून पाहा: पान 1 सरळ, पान 2, पान 3 आणि मग पान 1 उभा. आता “आलेला ताप वाढतच आहे”, “जबलपूरला माणूस पाठवला आहे” आणि “ते म्हणाले, ताप उतरला आहे” असे तिन्ही जोड जुळतात, सही शेवटी येते आणि एकही टोक मोकळे राहत नाही. हाच खरा क्रम. पहिल्या क्रमाने नक्कल केली असती तर बरे झालेले मूल पुढच्या पानावर पुन्हा आजारी पडले असते, आणि त्या कुटुंबाची हकीकत लिहिणाऱ्याने दोन आजारपणे नोंदवली असती.

हा क्रम सर्वत्र लागू पडतो असे मात्र नाही. काही लेखक प्रत्येक पान संपताच फिरवून त्यावरच दुसरा थर लिहीत, काही जण तिन्ही पाने सरळ लिहून मग तिन्ही पाने उभी भरीत, आणि क्वचित तिसरा थर तिरपा लिहिलेला आढळतो. म्हणून नियम पाठ करण्यापेक्षा दर पत्राची टोके मांडून पाहावीत. ज्या क्रमात एकही टोक मोकळे राहत नाही तो क्रम घ्यावा.

शाईही मदत करते. सरळ थर सकाळी आणि उभा थर दुसऱ्या दिवशी लिहिला असेल तर शाईची छटा किंवा टाकाची जाडी बदललेली दिसते. पान 3 च्या शेवटच्या ओळींची छटा पान 1 च्या उभ्या थराशी जुळली, तर आपला क्रम पक्का होतो.

3. मग अक्षर: एका रेघेला एकच मालक

क्रम ठरल्यावर वाचायला घ्या. मूळ कागदावर काम न करता छायाचित्रावर करा. त्याच्या दोन प्रती काढा: एक जशीच्या तशी, दुसरी 90 अंशांत फिरवलेली. फिरवल्यावर अक्षरे उलटी दिसली तर विरुद्ध दिशेने फिरवा. काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीच्या उंचीची खाच कापून ती प्रतीवर ठेवा. वरच्या-खालच्या ओळी झाकल्या जातात आणि दुसऱ्या थराचे फक्त लहान तुकडे खाचेत दिसतात. त्या तुकड्यांचे शब्द बनत नसल्यामुळे डोळा ते लवकरच सोडून देऊ लागतो.

तरी काही रेघा चकवतात. आपल्या मराठी सराव-पत्रात उभ्या थराची शिरोरेघ सरळ थरातून वरून खाली जाते आणि काना वाटते. ‘घर’ या शब्दात ती ‘घ’ नंतर पडली की ‘घार’ वाचले जाते. खरा काना शिरोरेघेपासून निघतो आणि अक्षराच्या पायाशी संपतो. परकी रेघ शिरोरेघेच्या वरही जाते आणि खालच्या ओळीतही उतरते.

इंग्रजी पत्रात हाच घोटाळा ‘एल’ आणि ‘टी’ यांच्यात होतो. ‘एल’च्या उभ्या दांडीवर दुसऱ्या थराची रेघ आडवी पडली की तो ‘टी’ दिसतो. मग ‘फेल’, म्हणजे पडलो, याचे ‘फेल्ट’, म्हणजे वाटले, होते. घोड्यावरून पडलेल्या माणसाला नुसतेच काहीतरी वाटले असा अर्थ निघतो. इंग्रजी वळणदार अक्षराला मोडीसारखी आधी आखलेली शिरोरेघ नसल्यामुळे येथे रेघेची लांबी पाहून भागत नाही.

अशा वेळी संशयित रेघेवर बोट ठेवून कागद फिरवा. दुसऱ्या दिशेने ती कोणत्या तरी अक्षराचा भाग होते का? होत असेल आणि तिच्याशिवाय ते अक्षर अपुरे राहत असेल, तर ती त्या थराची. आपल्या शब्दातून ती वजा करा. दुसऱ्या दिशेने तिला घर मिळत नसेल तर ती आपल्याच शब्दाची. एका रेघेला साधारणतः एकच मालक असतो. त्याच पानावरचे निःसंशय ‘टी’ आणि ‘एल’ शोधून त्यांच्या उंचीशी तुलना केली तर आणखी खात्री पटते, कारण बरेच लेखक ‘टी’ हा ‘एल’पेक्षा बुटका काढतात.

4. तिसरा, खोटा थर

पातळ कागदात मागच्या पानाची शाई पुढे उमटते. मग दोनऐवजी तीन-चार थर असल्यासारखे वाटते. उमटलेली अक्षरे आरशातल्यासारखी उलटी आणि फिकट असतात, यावरून ती ओळखता येतात. छायाचित्र घेताना कागदाखाली काळा कागद ठेवला तर ती बरीच कमी होतात. पांढरा कागद ठेवला तर उलट जास्त उठून दिसतात.

लाखेची मोहर तोडताना कागदाला पडलेले भोक हीसुद्धा अशीच जागा. ते शेवटच्या पानाच्या कडेला असते, त्यामुळे त्याच्या आतल्या बाजूच्या पान 3 वरचेही एकदोन शब्द जातात. तेथे अंदाजाने शब्द भरू नयेत.

5. नक्कल कशी लिहावी

प्रत्येक ओळीला पान, थर आणि क्रमांक द्या. उदाहरणार्थ, ‘पान 1, उभा, ओळ 4’. अशी खूण असली की दुसऱ्याला ती ओळ मूळ कागदावर तपासता येते. न लागलेल्या शब्दासाठी चौकटी कंसात टिंबे द्या. अंदाजाने लागलेल्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह द्या. दोन क्रम सारखेच बसत असतील आणि शाईही एकच असेल, तर एक क्रम निवडून तो अंदाज आहे अशी नोंद करा.

सरावासाठी: एका तावाची चार पाने करा. तीन पानांवर मोठ्या अक्षरात मराठी पत्र लिहा आणि शेवटचे वाक्य अर्धवट तोडून पान 1 च्या उभ्या थरात पुरे करा. ते सोबत्याला द्या आणि त्याला आधी फक्त टोके मांडायला सांगा. इंग्रजी सरावासाठी बॉस्टन पब्लिक लायब्ररीच्या संग्रहातील वेस्टन भगिनींची पत्रे पाहता येतील. कॅरोलाइन वेस्टनने डेबोरा वेस्टनला 1837 मध्ये लिहिलेले पत्र या पद्धतीचा चांगला नमुना आहे.