पाचच्या गजरापासून मागे मोजताना

‘आजपासून लवकर झोपायचं’ हा निश्चय चार दिवसांत मोडतो, कारण झोप काही हुकमाने येत नाही. उठण्याची वेळ मात्र ठरवता येते, गजर लावून पाळता येते. म्हणून रात्रीचं वेळापत्रक आखताना सुरुवात सकाळपासून करावी आणि तिथून मागे मोजत यावं.

समजा, बदलापूरला राहणारी एक बाई रोज मुंबईला नोकरीला जाते. डबे करून सव्वासहाची लोकल गाठायची, तर तिला पाचला उठावंच लागतं. प्रौढ माणसाला निदान ७ तासांची झोप हवी. डोळा लागायला पंधरा-वीस मिनिटं जातात, मध्ये एखाद-दोनदा जागही येते. त्यासाठी अर्धा तास वेगळा धरायचा. म्हणजे रात्री साडेनऊला पाठ टेकायला हवी. त्याआधीचा एक तास मन आणि शरीर निवण्यासाठी. याचा अर्थ साडेआठला घरातली कामं थांबली पाहिजेत, आणि ती घरी पोहोचते साडेसातला.

उरलेल्या तासात स्वयंपाक, जेवण, आवराआवर आणि उद्याची तयारी एकट्या बाईच्या हातून होणं शक्य नाही. ती घरी येण्याआधी कोणीतरी कुकर लावलेला असेल, जेवणानंतर ओटा दुसरं कोणी आवरत असेल, सकाळची भाजी मुलांनी निवडून ठेवली असेल, तरच साडेआठची वेळ पाळली जाईल. बायकांच्या झोपेबद्दल बोलताना आपण मोबाइलला दोष देतो आणि ओट्याचं नाव घेत नाही, हे मला पटत नाही.

जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर असावं. नाहीतर आडवं झाल्यावर आंबट पाणी घशाशी येतं. इथे तेवढं अंतर मिळत नाही. मग ऑफिसातून निघण्याआधी, पाचच्या सुमारास, पोळी-भाजी खाऊन घ्यावी आणि घरी आल्यावर वरण-भातासारखं हलकं, थोडंच जेवावं.

चहाचं गणित आणखी मागे जातं. चहातलं कॅफिन शरीरात निम्म्यावर यायला साधारण पाच-सहा तास लागतात. चारचा चहा घेतला, तर पाठ टेकताना त्यातलं जवळपास निम्मं कॅफिन शिल्लक असतं. कुणाकुणाला चहानंतरही झोप लागते, पण ती उथळ होऊ शकते. साडेनऊला झोपणाऱ्याने दुपारच्या जेवणानंतर चहा थांबवलेला बरा.

साडेआठपासूनचा तास साधा असावा. आधी कोमट पाण्याने अंघोळ. त्याने हातापायांच्या त्वचेकडे रक्त वाहतं, आतली उष्णता बाहेर पडते आणि शरीराचं तापमान उतरू लागतं; हे उतरणं झोपेला पोषक असतं. ट्यूबलाइट बंद करून एखादा मंद पिवळा दिवा ठेवावा, कारण प्रखर उजेडाने मेलाटोनिन हे रात्रीची सूचना देणारं संप्रेरक दबतं. मग पाच मिनिटं उद्याची कामं कागदावर उतरवावीत. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी उद्याच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा. गजर तिथूनही ऐकू येतो आणि तो बंद करायला उठावंच लागतं.

आजवर अकराला झोपणाऱ्याने एकदम साडेनऊला दिवा मालवला, तर तो टक्क जागाच राहील. रोजच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास मेंदू विशेष सावध असतो. त्यामुळे झोपण्याची वेळ तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटांनी मागे आणावी. उठण्याची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून पाचच.

दोन आठवड्यांनी हिशेब तपासावा. अंथरुणात रोज अर्ध्या तासाहून जास्त जागं राहावं लागत असेल, तर आपण फार लवकर आडवे होतो आहोत. वेळ थोडी पुढे ढकलावी. डोकं टेकताक्षणी डोळा लागत असेल आणि लोकलमध्ये बसल्या बसल्या डुलक्या येत असतील, तर सात तास कमी पडत आहेत. तेव्हा वेळ आणखी मागे आणावी. मध्येच झोप उडाली आणि वीसेक मिनिटांत परत आली नाही, तर कूस बदलत न राहता उठून मंद उजेडात बसावं आणि पेंग आली की परत जावं.

रविवारी नऊपर्यंत झोपलं, की त्या रात्री साडेनऊला झोप येत नाही आणि सोमवारचा गजर जड जातो. सुटीच्या दिवशी फार तर सहापर्यंत सूट घ्यावी. राहिलेली कसर दुपारी तीनच्या आत वीस मिनिटांच्या डुलकीने भरावी. मात्र पुरेसे तास मिळूनही दिवसभर ग्लानी राहत असेल, घरचे मोठ्या घोरण्याबद्दल किंवा झोपेत श्वास अडकल्याबद्दल सांगत असतील, तर दिनचर्या बदलून ते सुटणार नाही. त्यासाठी डॉक्टरकडे जाऊन झोपेची तपासणी करून घ्यावी लागते.