लग्न रविवारी, केटररचा नकार सोमवारी

कराराप्रमाणे काम करायची तारीख उजाडण्याआधीच एका पक्षाने ‘मी हे करणार नाही’ असं स्पष्ट सांगितलं, तर दुसऱ्या पक्षाला त्या तारखेपर्यंत थांबावं लागत नाही. करार तेव्हाच मोडला असं तो धरू शकतो. याला मुदतपूर्व करारभंग म्हणतात. लॉ कॉलेजात ‘अँटिसिपेटरी ब्रीच’ हाच शब्द चालतो. भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम ३९ याविषयीच आहे.

पुण्यातल्या दोन मैत्रिणींचं उदाहरण घेऊ. दोघी एकाच कॉलेजात शिकल्या. एक आता बँकेत आहे, दुसरी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. बँकेतलीच्या धाकट्या बहिणीचं लग्न रविवारी आहे. चारशे पानं, पानाला ४५० रुपये, म्हणजे एकूण १,८०,००० रुपये ठरले आणि ५०,००० आगाऊ दिले. सोमवारी केटररचा फोन आला: त्याच दिवशी मोठी ऑर्डर मिळाली आहे, तुमचं काम जमणार नाही.

“पण अजून रविवार कुठे उजाडलाय? त्याने करार मोडला असं आजच कसं म्हणायचं?” तिने मैत्रिणीला विचारलं.

हाच प्रश्न १८५३ साली इंग्लंडमध्ये ‘हॉचस्टर विरुद्ध डी ला टूर’ या खटल्यात आला होता. युरोपच्या सहलीत सोबत राहण्यासाठी हॉचस्टरला १ जून १८५२ पासून नेमलं होतं. मे महिन्यातच ‘तुमची गरज नाही’ असं कळवण्यात आलं आणि त्याने जून उजाडण्याआधीच दावा लावला. न्यायालयाने तो ग्राह्य धरला. समोरच्याने नकार दिल्यावरही त्या माणसाने दुसरं काम न घेता एक जूनपर्यंत रिकामं बसून राहावं, हे न्यायालयाला पटलं नाही.

“म्हणजे आजच दुसरा केटरर बघू?”

“बघच. पण आधी एक सांग, तो नक्की काय म्हणाला?”

या प्रश्नावर बरंच अवलंबून असतं. ‘माणसं मिळत नाहीयेत, बघतो’ ही कुरकुर झाली. तेवढ्याने करार मोडत नाही. नकार निःसंदिग्ध हवा आणि तो संपूर्ण कामाला लागू हवा. स्वतःला काम अशक्य करून घेणंही कलम ३९ मध्ये येतं. फोनवरचं बोलणं नंतर नाकारता येतं, म्हणून मैत्रिणीने लगेच मेसेज करायला सांगितलं: ‘आज फोनवर तुम्ही रविवारचं जेवण करणार नाही असं सांगितलंत. आम्ही हा करार संपला असं धरून दुसरी व्यवस्था करत आहोत. आगाऊ रक्कम परत करा आणि जास्तीचा खर्च भरून द्या.’

हा मेसेज म्हणजे एका निवडीची घोषणा आहे. करार संपवायचा की चालू ठेवायचा, हे नकार मिळालेल्याने ठरवायचं असतं. ‘नाही हो, तुम्हीच करा’ अशी मनधरणी करत राहिलं, तर करार जिवंत राहतो, आणि तो दोघांसाठीही. केटररला मन बदलून काम करायची संधी राहते. मधल्या दिवसांत सरकारी बंदीसारखं काही आलं आणि काम खरोखरच अशक्य झालं, तर त्याची जबाबदारीही सुटू शकते. १८५५ च्या ‘एव्हरी विरुद्ध बाउडन’ खटल्यात असंच झालं. जहाजाला माल देता येणार नाही असं सांगूनही कप्तान ओडेसा बंदरात वाट पाहत राहिला, तेवढ्यात क्रिमियन युद्ध पेटलं आणि भरपाईचा दावा गेला.

बुधवारी दुसरा केटरर मिळाला. मेनू तोच, पण ऐनवेळचं काम म्हणून पानाला ५२० रुपये. चारशे पानांना ७० रुपयांप्रमाणे २८,००० रुपये जास्त लागले. आगाऊ दिलेले ५०,००० धरून मागणी ७८,००० रुपयांची झाली. कलम ७३ प्रमाणे भरपाई मिळते ती करारभंगातून सहज ओढवलेल्या नुकसानीची. नुकसान कमी करायचे कोणते मार्ग हाताशी होते, हेही त्यात पाहिलं जातं. म्हणून साधा मेनू मिळत असताना ८०० रुपयांचं शाही पान घेतलं, तर तो सगळा फरक पहिल्या केटररच्या माथी मारता येत नाही. हातावर हात ठेवून बसून मग पाहुण्यांसमोर झालेल्या फजितीचे लाखो रुपये मागणंही टिकणं कठीण.

“आणि आईने हे तीन दिवस रडून काढले, त्याचं काय?”

दिवाणी न्यायालयात करारभंगाच्या दाव्यात मनस्तापाची भरपाई सहसा मिळत नाही. पण घरच्या लग्नासाठी केटररची सेवा घेणारा ग्राहक असतो, आणि जिल्हा ग्राहक आयोग सेवेतल्या त्रुटीबरोबर मानसिक त्रासाचाही विचार करू शकतो. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. सोबत बुकिंगची पावती, आगाऊ रक्कम दिल्याची नोंद, तो मेसेज आणि दुसऱ्या केटररचं बिल जोडावं लागतं.