लांबच्या विमानप्रवासासाठी गेम निवडताना

मुंबईहून न्यूयॉर्कची थेट फ्लाइट सुमारे सोळा तासांची. सीटजवळचा सॉकेट बंद निघाला तर पॉवर बँक आहे, असा अनेकांचा हिशेब असतो. पण आता काही विमान कंपन्या विमानात पॉवर बँक वापरू देत नाहीत. सिंगापूर एअरलाइन्सने 1 एप्रिल 2025 पासून, तर एमिरेट्सने 1 ऑक्टोबर 2025 पासून ही बंदी घातली. म्हणजे घरून भरून आणलेल्या बॅटरीवरच सगळा प्रवास काढायचा, असे धरून गेम निवडावेत.

गेम किती बॅटरी खातो हे त्याच्या फाइलच्या आकारावरून कळत नाही. तो स्क्रीनवरचे चित्र किती वेळा नव्याने काढतो, यावर ते बरेचसे ठरते. गाड्यांच्या शर्यतीत त्रिमितीय चित्र सेकंदाला साठ वेळा बनते, त्यामुळे ग्राफिक्स चिपला उसंत मिळत नाही. सुडोकूत तुम्ही विचार करत असता तेव्हा चित्र बदलायची गरजच नसते. मात्र दिसायला साधे असलेले काही गेमही तेच चित्र उगाच पुन्हा पुन्हा काढत राहतात. फोनची पाठ गरम लागली की समजावे, हा त्यातलाच.

म्हणून निघण्याआधी घरी चाचणी घ्या. गेम डाउनलोड झाल्यावर एकदा इंटरनेट चालू ठेवून उघडा, कारण बरेच गेम उरलेला डेटा पहिल्यांदा उघडल्यावरच उतरवतात. मग एअरप्लेन मोड लावा, वाय-फायही बंद आहे ना ते पाहा, गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि दोन-तीन लेव्हल खेळा. लॉगिन मागणारा किंवा जाहिरातीवाचून पुढे न सरकणारा गेम इथेच उघडा पडतो.

आता बॅटरी साधारण 80 टक्क्यांवर असताना, विमानात ठेवाल तेवढाच स्क्रीनचा उजेड ठेवून अर्धा तास खेळा. समजा, शर्यतीच्या गेमने 12 टक्के खाल्ले आणि सुडोकूने 4. उतरल्यावर घरी फोन करायला, टॅक्सी बोलवायला 25 टक्के राखून ठेवा. उरलेल्या 75 टक्क्यांत शर्यत जेमतेम तीन तास चालेल, सुडोकू नऊ तासांच्या वर. सेटिंगमध्ये 30 एफपीएसचा पर्याय असेल तर तो निवडून शर्यतीची चाचणी पुन्हा घ्या, फरक आकड्यातच दिसेल.

माझी पहिली पसंती सायमन टॅथम यांच्या कोड्यांच्या संग्रहाला. तो मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत, आणि प्रत्येक कोडे फोनमध्येच तयार होत असल्याने कोडी संपत नाहीत. बुद्धिबळही चांगले, पण डावाचे विश्लेषण चालू ठेवू नका. त्यात प्रोसेसर अखंड राबतो आणि शर्यतीच्या गेमसारखीच बॅटरी उतरते.